शेवटची सहा मिनिटे

मार्चची दुपार होती आणि महाल भागातल्या त्या शाळेच्या वर्गात पंखा गरम हवाच फिरवीत होता. "सहा मिनिटे उरली, पुरवण्या बांधून घ्या," असे पर्यवेक्षिका बाईंनी सांगितले, तेव्हा दोरा ओवता ओवता वैदेहीची नजर शेवटच्या उत्तरावर गेली: 0 ते π या मर्यादांमध्ये x sin x चे इंटिग्रेशन, उत्तर −π.

तिचा हात थांबला. या मर्यादांमध्ये x ऋण नसतो आणि sin x सुद्धा ऋण नसतो. मग त्यांच्या गुणाकाराच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ ऋण कसे येईल?

घशाला कोरड पडली, तरी तिने घाईने काहीही खोडले नाही. ती पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचत गेली. −x cos x + sin x ही मांडणी बरोबर होती. sin π शून्य, तेही बरोबर. पुढच्या ओळीत मात्र cos π ची किंमत तिने 1 लिहिली होती, जी −1 असते, हे गेल्या वर्षभरात ती धाकट्या भावालाही समजावून थकली होती.

तिने दोन ओळींवर एकेक सरळ रेघ मारली आणि खाली स्वच्छ लिहिले:

−π × (−1) + 0 = π

घंटा झाली. बाईंनी हात पुढे केला, तेव्हा π वरची शाई अजून ओली होती. वैदेहीने त्यावर हळूच फुंकर घातली आणि उत्तरपत्रिका त्यांच्या हाती दिली.