दुखण्याच्या पंपाचं बटण

मावशी, हे बटण तुमच्याच हातात ठेवायचं बघा, दुखायला लागलं की एकदा दाबायचं, सलाईनमधून 1 मिलिग्रॅम मॉर्फिन जातं. मग 5 मिनिटं पंप लॉक असतो, कितीबी दाबलं तरी औषध येत नाही, त्यामुळं जास्त जाईल म्हणून घाबरू नका. अगदी असह्य व्हायची वाट बघू नका, खोकायच्या-उठायच्या आधी दाबलं तरी चालतं.

आणि दादा, तुम्ही कळकळीनं सांगली गाठलीय, पण आई झोपल्यावर बटण दाबायचं नाही, एकदासुद्धा. गुंगी आली की पेशंटचा हात आपोआप थांबतो, तीच खरी सेफ्टी, तुम्ही दाबत राहिलात तर श्वास मंद होत जातो आणि झोपेत कळतपण नाही. झोपेत कण्हल्या, फार गुंगीत वाटल्या, तर मला हाक मारा, रात्री कितीबी वाजता.