आजोबा, शालू हिरवाही होता आणि वांगीही

कोथरूड, पुणे
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

ती. आजोबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि आत्या मधे पडून ओरडून सांगते त्यात निम्मं राहून जातं, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. अक्षर मोठं काढलंय, भिंग लागू नये. आधी पार्सल उघडा आणि मग पुढचं वाचा. उघडायचं काम आत्याला करू दे, पुढे काच आहे, तुम्ही कात्री घेऊन बसू नका.

उघडलंत? बघितलंत?

हे तुमच्या लग्नातल्या फोटोवरून केलेलं चित्र आहे. तुम्ही सांगलीला गेलात तेव्हा गोखलेनगरच्या घरातून मी तो फोटो घेऊन जाऊ का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ‘ने की, त्यात आता काय दिसतंय, ती तर दिसतच नाही.’ आजोबा, ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी लहानपणापासून तुमच्या कॉटच्या वरच्या भिंतीवर तो फोटो बघत आले, पण मला वाटायचं जुने फोटो असेच असतात, डागाळलेले. तुम्ही रोज त्यात आजीला शोधत होतात आणि ती सापडत नव्हती हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

फोटो घरी आणून उजेडात नीट बघितला. तुमची बाजू बऱ्यापैकी शाबूत आहे, काळी टोपी, कोट, उपरणं, मुंडावळ्या सगळं ओळखू येतं. आजीच्या बाजूला मात्र पुराच्या पाण्याची अख्खी रेघ, डाव्या डोळ्यावरून गालापर्यंत मोठा डाग, आणि खाली उजव्या कोपऱ्यात तर काहीच उरलेलं नाही, नुसता तपकिरी चिखलाचा रंग. १२ जुलै १९६१ ची गोष्ट तुमच्याकडून इतक्यांदा ऐकलीय, सकाळी पानशेत फुटलं, दुपारी खडकवासला, तुम्ही आजीला घेऊन सदाशिव पेठेत वरच्या अंगाला मावशीआजीकडे गेलात आणि परत आलात तेव्हा नारायण पेठेतल्या खोलीत गुडघाभर गाळ आणि ही फ्रेम खिळ्यावर तशीच. पण त्या पाण्याने फोटोचं नेमकं काय केलं ते मला आत्ता कळलं. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो, चित्र त्या थरात असतं, तो पाण्यात फुगतो आणि वाळताना समोर जे असेल त्याला चिकटून बसतो. तुमचा फोटो काचेला चिकटलाय. म्हणजे चौसष्ट वर्षं काच आणि फोटो एकच झालेत.

एका फ्रेमवाल्यांनी सांगितलं द्या इकडे, कोमट पाण्यात घालून सोडवून देतो. मी नाही दिला. सोडवताना आजीचा उरलेला चेहरा काचेवरच राहिला असता. मग तो काचेसकट टेबलावर ठेवला, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशात दिवे लावले, काचेत कॅमेरा आणि मी दिसू नये म्हणून समोर काळं कापड धरलं (आईला उभं केलं होतं, तिचे हात भरून आले बिचारीचे) आणि वरून फोटो काढले, एक पूर्ण आणि मग तुकड्यातुकड्याने अगदी जवळून. मूळ फोटोला धक्का लावलेला नाही, तो कपाटात कागदात गुंडाळून उभा ठेवलाय, दिवाळीला तुम्ही आलात की परत भिंतीवर जाईल.

कॉम्प्युटरमधे अशी सोय असते की एक बटण दाबलं की फोटोचं ऑइल पेंटिंग होतं. ते करून बघितलं. चेहरे मेणाचे झाले आणि डागाचंसुद्धा पेंटिंग झालं, त्याला काय माहीत डाग कुठला आणि गाल कुठला. ते पुसून टाकलं आणि टॅब्लेटवर पेनने हाताने रंगवायला घेतलं, आधी राखाडीत सावल्या, त्यावर पातळ पातळ रंगाचे थर, ऑफिसातून आल्यावर रात्री दीड-दोन तास, असे अडीच महिने गेले. बहुतेक सगळा वेळ आजीवरच गेला.

डाव्या डोळ्याचं सगळ्यात अवघड होतं. सोपा मार्ग म्हणजे उजवा डोळा उचलून उलटा करून डावीकडे बसवायचा, पुष्कळ जण तसंच करतात. मी एकदा करून बघितलं आणि माझ्यासमोर एक वेगळीच बाई आली, छान होती दिसायला, पण आजी नव्हती. कारण आजीच्या डाव्या भुवईत ती खोक होती ना, लहानपणी विहिरीच्या पायरीवर पडलेली, तिथे केस यायचे नाहीत आणि भुवई दोन तुकड्यांत दिसायची. मी तिच्या मांडीवर झोपून त्यावरून बोट फिरवायचे. मग बाबांच्या मुंजीतला फोटो काढला, त्यात आजी जवळजवळ त्याच बाजूने दिसते, आणि त्यावरून डोळा आणि भुवई रंगवली, वय कमी करून. खोक ठेवलीय. मला आजी सुंदर करायची नव्हती, मला ती आजी करायची होती. भिंग घेऊन बघा आणि चुकली असेल तर स्पष्ट सांगा.

आता शालूचं. इथे घरात केवढा गोंधळ झाला. फोटो ब्लॅक अँड व्हाइट, त्यात शालू नुसता गडद दिसतो, गडद म्हणजे काहीही असू शकतं. तुम्ही नेहमी म्हणता हिरवा. मावशीआजीला फोन केला तर ती एकदम ठाम, ‘अगं वांगी रंगाचा होता, मी घडी घातलीय त्याची, तुझ्या आजोबांना रंगातलं काय कळतंय.’ बाबा म्हणाले लाल कर, लग्न आहे म्हटल्यावर लालच असणार. मला असं अंदाजाने करायचं नव्हतं. आणि मग आईला कुंची आठवली!

तीच कुंची आजोबा, पुरात शालू चिखलात गेला, जेवढा चांगला निघाला त्या तुकड्याची आजीने त्याच वर्षी आत्यासाठी कुंची शिवली होती, मग ती बाबांना झाली आणि माझ्या बारशालाही मला घातली. गोदरेजच्या कपाटात अगदी खाली जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. बाहेरून विटून चहासारखी झालीय, जर काळी पडलीय. पण आईने हळूच आतली शिवण दोन बोटं उसवली (मग लगेच परत घातली) आणि आत जिथे ऊन लागलंच नव्हतं तिथे कापड अजून ताजं होतं. आणि ते धूपछाँव आहे, आजोबा! उभा धागा हिरवा आणि आडवा वांगी. खिडकीकडे धरलं की हिरवं आणि कलतं केलं की वांगी. तुम्ही बरोबर आणि मावशीआजीपण बरोबर. तुम्ही पाटावर समोर बसून बघत होतात म्हणून तुम्हाला हिरवा लक्षात राहिला असेल आणि तिने मांडीवर घेऊन घडी घातली तर तिला वांगी, असं मला वाटतं. मी आणि आई त्या दोन बोटं कापडाकडे बघत कितीतरी वेळ तशाच बसलो होतो, भात लागला खाली तरी कळलं नाही.

म्हणून चित्रात शालू खांद्यावर जिथे उजेड पडलाय तिथे हिरवा आहे आणि घड्यांमधे वांगी होत जातो. बाकीचे रंग सोपे होते, हिरवा चुडा, कुंकवाची आडवी चिरी, मुंडावळ्यांचे मोती. नथ फोटोत अर्धीच दिसते पण ती आत्याकडेच आहे, तिच्याकडून फोटो मागवला होता, मोती मोजून काढलेत. तुमच्या कोटाचा रंग मात्र मी मनाने घेतलाय, काळपट तपकिरी. तो चुकला असेल तर सांगा, बदलता येतो.

हे सुती कागदावर छापलंय, पिगमेंटच्या शाईने, साध्या फोटोच्या शाईपेक्षा ती जास्त टिकते, तरी थेट ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका, आणि आत्याच्या हॉलची ती बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते तिच्यावरही नको. आतल्या खोलीत तुमच्या खुर्चीसमोर लावायला सांगा. चित्राच्या भोवती जी पांढरी जाड पट्टी दिसतेय तो माउंट आहे, त्यामुळे काच आणि चित्र यांच्यात थोडी फट राहते. ती मी मुद्दाम दोनदा तपासून घेतली. हे चित्र काचेला चिकटणार नाही.

आता एक राहिलंय आणि ते तुमच्याशिवाय कोणाला येणार नाही. खाली उजव्या कोपऱ्यात चित्र पूर्ण नाहीये, तिथे नुसते सैल ब्रशचे फटकारे आहेत, शालूचा रंग विरत विरत कागद उघडा राहिलाय. फोटोत त्या जागी काहीच नाही आणि मला तिथे स्वतःच्या मनाने काही घालवेना. आजीचा डावा हात कोपरापर्यंत दिसतो, पुढे चिखल. तो हात कुठे होता? मांडीवर होता, पदराचं टोक धरलं होतं, का तुमच्या उपरण्याची गाठ धरली होती? मावशीआजी म्हणते तिच्या हातात नारळ होता, पण तिला स्वतःलाच खात्री नाही, ती तेव्हा नऊ वर्षांची होती. फोटोवाला काळ्या कापडाखाली गेला आणि आजीला हसू आलं, एवढं तुम्ही मला सांगितलेलं आहे, पण हाताचं कधी बोलला नाहीत.

आठवत नसेल तर तसंच राहू दे, मला ते तसंही आवडतं. पण आठवत असेल तर सोबत आंतरदेशीय पत्र ठेवलंय, पत्ता लिहूनच ठेवलाय, त्यात तुमच्या हाताने लिहा, आत्याला सांगून लिहून घेऊ नका. शक्य झालं तर चित्रही काढा, कसंही वेडंवाकडं, मला फक्त बोटं कुठे होती तेवढं कळलं पाहिजे.

गुडघ्याचे व्यायाम चालू ठेवा. आत्याला, काकांना नमस्कार. आई-बाबा तुम्हाला नमस्कार सांगतात. दिवाळीला न्यायला मीच येतेय गाडी घेऊन.

तुमची,
चिऊ