चला गिरवूया: प आणि प्प

(काळी पाटी. हिरवा ठिपका लुकलुकतो.)

ताई: बाळांनो, बोट वर! हवेत गिरवूया 'प'. प पतंगाचा!

(ठिपक्यापासून निळी रेघ, अगदी सावकाश)
वरून खाली… खाली… आणि उजवीकडे वळा!

(लाल रेघ)
आता उभी काठी. वरून खाली, सुंईईई!

(पिवळी रेघ, डावीकडून उजवीकडे)
डोक्यावर आडवी रेघ. झाला प!

(आवाज बंद. ठिपका पुन्हा फिरतो, मुले गिरवतात.)

ताई: आता गंमत! काठी पळाली!

(लाल रेघ पुसते)
उरला अर्धा प. एकटा कसा राहणार? शेजारच्या 'प'ला चिकटला!

(अक्षरे सरकतात. 'टक्'!)
प्प! च… प्प… ल. चप्पल! जोरात म्हणा!

(चपला टपटप नाचत जातात.)