विषय: खरेदी आदेश 0118, पंप केसिंग कास्टिंगच्या उशिरा आलेल्या खेपा, कलम 9.3 प्रमाणे विलंब-भरपाईची वजावट

मकरपुरा जीआयडीसी, वडोदरा
दि. 3 ऑक्टोबर 2025

प्रति,
आबासाहेब, व्यवस्थापकीय भागीदार,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

आदरणीय आबासाहेब,

स. न. वि. वि.

काल दसरा झाला. आपल्याला व घरच्या सर्वांना शुभेच्छा. फोनवर परवा म्हणालो होतो की एक पत्र येईल आणि ते हिशेबाचे असेल. ते हे पत्र. मेलवर पाठवतो आहे आणि स्पीड पोस्टानेही. सुहासला प्रत दिली आहे, कारण डिस्पॅच तो बघतो.

4 जूनच्या आदेशात एकूण 360 केसिंग होत्या, ग्रेड एफजी 260, नग 5,000 रुपये, जीएसटी वेगळा. 120-120 च्या तीन खेपा ठरल्या: 10 जुलै, 31 जुलै आणि 21 ऑगस्ट, माल आमच्या गेटवर पोच. कलम 9.3 आपल्याला माहीत आहे. उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला किंवा आठवड्याच्या भागाला 1 टक्का, जास्तीत जास्त 10 टक्के.

पहिली खेप 14 जुलैला आली, चार दिवस उशिरा. तिच्याबद्दल आम्ही काहीही मागत नाही. माल उतरवून घेताना आमच्या स्टोअरने पावतीवर कुठलाच शेरा मारला नाही, त्या दिवशी मेलही गेला नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 55 मध्ये स्पष्ट आहे की मुदत उलटल्यावर माल स्वीकारायचा आणि भरपाईही मागायची असेल, तर स्वीकारतानाच तसे कळवावे लागते. आम्ही कळवले नाही, म्हणून तो हक्क तिथेच संपला. आता मागे जाऊन तो उकरून काढणे योग्य नाही.

दुसऱ्या खेपेपासून आम्ही सावध झालो. 22 ऑगस्टला 120 नग उतरले तेव्हा चलनाच्या दोन्ही प्रतींवर 'विलंब-भरपाईचा हक्क राखून स्वीकारले' असे लिहिले, आणि त्याच संध्याकाळी मेल केला. 11 सप्टेंबर आणि 26 सप्टेंबरलाही तेच केले. ड्रायव्हरची सही आहे.

31 जुलै ते 22 ऑगस्ट म्हणजे 22 दिवस. यातले नऊ दिवस आमचे आहेत. नमुना कास्टिंग 11 जुलैला आमच्याकडे पोचले होते. मंजुरी तीन दिवसांत, 14 तारखेपर्यंत द्यायची, ती आम्ही 23 तारखेला दिली. आमच्या क्वालिटीतला एक जण आजारी होता, पण ती अडचण आमची, आपली नाही. ते नऊ दिवस वजा केले की उरतात 13, म्हणजे दोन आठवडे. 6,00,000 वर 2 टक्के, 12,000 रुपये.

तिसऱ्या खेपेचे 70 नग 11 सप्टेंबरला आले. 21 दिवस, तीन आठवडे, 3,50,000 वर 3 टक्के, 10,500 रुपये. उरलेले 50 नग 26 सप्टेंबरला आले. 36 दिवस, म्हणजे पाच आठवडे आणि एक दिवस. कलमातल्या शब्दांप्रमाणे तो सहावा आठवडा धरावा लागतो: 2,50,000 वर 6 टक्के, 15,000 रुपये. त्या एका दिवसाचे 2,500 रुपये लागतात हे मला स्वतःलाही खटकले. पण सही झालेल्या आदेशात तसेच लिहिले आहे, आणि आम्ही आपल्या बाजूच्या शब्दांना जितके धरून राहतो तितकेच आमच्याही राहायला हवे. याची दुरुस्ती पुढे सुचवली आहे.

एकूण 37,500 रुपये.

आमच्या नऊ दिवसांचा फटका तिसऱ्या खेपेलाही बसला असे आपण म्हणू शकता, म्हणून ते मी आधीच तपासले. आपण 2 जुलैला पाठवलेल्या नियोजनात तिसऱ्या खेपेचे मोल्डिंग 1 ऑगस्टला सुरू व्हायचे होते आणि नमुन्याची मंजुरी त्याआधी आठ दिवस आपल्या हातात होती. त्यामुळे तिथे ती सवलत धरलेली नाही. माझ्याकडून काही सुटले असेल तर मोल्डिंगचे रजिस्टर पाठवा, मी पुन्हा बसतो.

भट्टीच्या कॉइलबद्दल. 6 ऑगस्टला इंडक्शन फर्नेसची कॉइल जळाली आणि नवी मिळायला वेळ लागला हे खरे आहे, त्यावर मला कणभरही शंका नाही. पण कलम 11 मधल्या अटळ आपत्तींत पूर, भूकंप, संप, सरकारी बंदी आहे, यंत्रबिघाड नाही. आणि कळवायची मुदत सात दिवसांची होती, आम्हाला 18 तारखेला कळले. आबा, या बारा दिवसांचेच मला सर्वांत जास्त वाईट वाटते. सात तारखेला फोन आला असता तर मी आमच्या असेंब्लीचा क्रम बदलला असता, लहान साइझ आधी घेतली असती. ते न कळल्यामुळे मशीन शॉपचे दोन व्हीएमसी मोकळे राहिले, आणि आम्ही आमच्या गिऱ्हाइकाला, एका पाणीपुरवठा कंत्राटदाराला, तारीख देऊन बसलो होतो. त्याने आमच्या बिलातून 96,000 कापले. वेगळ्या लहान गाड्यांचे 22,000 अजून गेले. हे 1,18,000 मी आपल्याकडे मागत नाही. आपल्यात ठरलेल्या भरपाईची मर्यादा ठरलेली आहे आणि करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणेही करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. हे आकडे फक्त यासाठी लिहिले की 37,500 कुठून तरी ओढून काढलेले नाहीत, आमचे त्याहून जास्त गेले आहे.

आपण परवा म्हणालात, अकरा वर्षांत कधी नाही आणि आता का? रास्त प्रश्न आहे. मागच्या तीन वर्षांत दोनदा-तीनदा उशीर झाला तेव्हा आम्ही सोडून दिले. त्यामुळे हे कलम कागदापुरतेच आहे असे आपल्याला वाटले असेल तर त्यात आमचाही दोष आहे. म्हणून या वेळी 4 जूनच्या आदेशासोबतच्या पत्रात लिहिले होते की यापुढे ते लागू होईल. आता मीच मागे हटलो तर पुढच्या वेळी कुठल्याही पुरवठादाराला हे कलम दाखवायला मला तोंड राहणार नाही, आणि आमच्या मालकांना मी काय सांगू?

2020 च्या टाळेबंदीत सगळीकडे बंद असताना आपण 40 कास्टिंग ओतून, स्वतः गाडी जोडून पाठवली होतीत. ती आमच्या कारखान्यात कोणी विसरलेले नाही. त्या ऋणाची किंमत या हिशेबात धरता येत नाही आणि हा हिशेब त्या ऋणावर टाकताही येत नाही. दोन्ही वेगळे ठेवतो.

आता पैशांचे. तिसऱ्या खेपेच्या पहिल्या बिलाचे 4,13,000 जीएसटीसह पूर्ण, काही न कापता, 15 ऑक्टोबरला जमा होतील. दुसरे बिल 2,95,000 चे, त्यातून 37,500 वजा करून 2,57,500 हे 17 ऑक्टोबरला. आपण लघुउद्योग म्हणून नोंदलेले आहात आणि एमएसएमई कायद्याची 45 दिवसांची मुदत या बिलांना अनुक्रमे 26 ऑक्टोबर आणि 10 नोव्हेंबरला संपते. दिवाळीचा बोनस वाटायचा असतो, म्हणून त्याच्या बरेच आधी देत आहोत. एकदम कापणे या महिन्यात जड वाटत असेल तर सांगा. मग 2,95,000 पूर्ण देऊ आणि वजावट नव्या आदेशाच्या पहिल्या तीन बिलांतून 12,500 प्रमाणे करू. 10 ऑक्टोबरपर्यंत आपले उत्तर आले तर त्याप्रमाणे, नाही आले तर 17 तारखेला वजावट होईल.

डेबिट नोट सोबत आहे. तिच्यावर जीएसटी लावलेला नाही. 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रक 178 प्रमाणे करारभंगाची भरपाई ही कुठल्या सेवेची किंमत नसते. आपल्या बिलांवरचा कर जसाच्या तसा राहील, आपल्याला क्रेडिट नोट काढायची गरज नाही. आपल्या अकाउंटंटना हे दाखवून घ्या.

पॅटर्न आणि कोअर बॉक्स आपल्याकडेच राहतील. ते परत मागवण्याचा विचार नाही, कोणी तसे काही सांगितले असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मात्र एक गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी मीच सांगतो: सर्वांत मोठ्या साइझचे दुसरे पॅटर्न आम्ही राजकोटला करून घेतले आहेत. आपल्या महिन्याच्या नगांत यामुळे कपात नाही. वाढीव मागणीपैकी काही तिकडे जाईल. आपली एक भट्टी बंद पडली की आमचा अख्खा कारखाना थांबतो, हे या पावसाळ्यात दिसले आणि त्यावर उपाय करणे मला भाग होते.

नवा आदेश, पुन्हा 360 नगांचा, याच लिफाफ्यात आहे. तो अजून सहीसाठी खुला ठेवला आहे. तारखा 30 नोव्हेंबर, 20 डिसेंबर आणि 10 जानेवारी टाकल्या आहेत, पण त्या आम्ही लादलेल्या नाहीत. सुहासने सणाच्या सुट्ट्या आणि भट्टीचे लायनिंग बदलण्याचे दिवस धरून खऱ्या तारखा द्याव्यात. दहा दिवस पुढच्या असल्या तरी चालतील, नंतर मात्र पाळल्या पाहिजेत. या आदेशात आठवड्याऐवजी रोजचा हिशेब लिहिला आहे, म्हणजे एका दिवसाला सातवा भाग. आमच्याकडून मंजुरीला झालेला उशीर आपोआप वजा होईल, त्याची आठवण करून द्यावी लागणार नाही. पिग आयर्न आणि स्क्रॅपसाठी 20 टक्के आगाऊ देण्याचीही मालकांनी परवानगी दिली आहे, सही झाल्यापासून चार दिवसांत.

माझी आपल्याला एकच मागणी आहे. दर सोमवारी किती मोल्ड झाले, किती ओतले, किती फेटलिंगला आहेत, एवढे तीन आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर. अडचण असेल तर त्याच दिवशी, कितीही वाईट बातमी असली तरी.

सुहास 13 किंवा 14 ऑक्टोबरला वडोदऱ्याला येऊ शकला तर चलने, पावत्या आणि गेटचे रजिस्टर समोर ठेवून सगळे दाखवतो. एक आकडाही चुकला असेल तर तिथल्या तिथे डेबिट नोट दुरुस्त करू. मुक्काम दांडिया बाजारात आमच्या घरीच करावा, हॉटेलात नको. आईने तसे आधीच सांगून ठेवले आहे.

आपला नम्र,
विनायक
खरेदी विभाग प्रमुख

सोबत: डेबिट नोट, शेरा असलेल्या तीन चलनांच्या प्रती, नमुना मंजुरीचे मेल, नव्या आदेशाचा मसुदा.