फ्लॅटमधील आमचे सामान नव्या भाडेकरूंना विकण्यास परवानगी मिळण्याबाबत

जुळे सोलापूर
दि. ६ एप्रिल २०२६

आदरणीय शेटे काका,
सादर नमस्कार.

३० एप्रिलला आम्ही फ्लॅट क्र. ७ सोडतोय आणि १ मेपासून म्हेत्रे मॅडम राहायला येणार, हे फोनवर ठरलंच आहे. काल त्या घर बघून गेल्या. आमचं बरंचसं सामान त्यांना उपयोगाचं वाटलं, आणि आम्हालाही ते सगळं नांदेडपर्यंत नेणं परवडणारं नाही. ते त्यांना विकायला तुमची परवानगी हवी आहे. पैशांचा व्यवहार आमच्या दोघांतला आहे. पण यातल्या पाच वस्तू तुमच्या भिंतीला, टाइल्सना, नळाला किंवा वायरिंगला जोडलेल्या आहेत, आणि आमचा करार संपल्यावरही हे सामान तुमच्याच घरात राहणार आहे. म्हणून तुमचा होकार येईपर्यंत त्यांच्याकडून एक रुपयाही घेणार नाही. पत्राची प्रत त्यांनाही पाठवतोय, म्हणजे तिघांपुढे एकच मजकूर राहील.

आधी तुमच्या वस्तूंचं लिहितो. करारासोबतच्या यादीप्रमाणे पाच पंखे, दोन ट्यूब, मोठ्या बाथरूममधला १५ लिटरचा गीझर, किचनच्या ट्रॉल्या आणि हॉलमधलं शोकेस हे तुमचं आहे. यातलं काहीही विक्रीत नाही. गीझरचं कॉइल बोअरच्या जड पाण्याने क्षार धरून गेलं होतं, ते आम्ही बदललं. त्याचे पैसे तुमच्याकडे किंवा मॅडमकडे मागत नाही. पडद्यांचे रॉड आम्ही लावलेत, ते तसेच सोडतोय.

आता भिंतीला जोडलेल्या वस्तू. यांच्याबद्दल तुमचा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा आहे.

बेडरूममधला एसी दीड टनाचा, ३ स्टार, इन्व्हर्टर प्रकारचा आहे. मे २०२२ ची खरेदी. कॉम्प्रेसरची वॉरंटी १० वर्षांची, म्हणजे मे २०३२ पर्यंत. बिल आणि कार्ड सोबत देईन. बाहेरचं युनिट मागच्या भिंतीवर लोखंडी स्टँडवर आहे, चार अँकर बोल्ट आहेत. काढायचा झाला तर गॅस आधी बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यावा लागतो, तांब्याचा पाइप सोडवावा लागतो. पुन्हा बसवताना पाइपची तोंडं नव्याने फुलवावी लागतात आणि गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. शिवाय भिंतीत अडीच इंचाचं आरपार भोक उरतं. जागेवरच राहिला तर यातलं काहीच होत नाही. स्टॅबिलायझरसह किंमत १७,००० रुपये. दोष असा की आतल्या युनिटच्या झडपेची एक खिट्टी तुटलेली आहे, थंडाव्यावर त्याचा परिणाम नाही.

इन्व्हर्टर ९०० व्हीएचा आणि बॅटरी १५० एएचची ट्यूब्युलर, दोन्ही ऑगस्ट २०२३ ची. बॅटरीची वॉरंटी ३६ महिन्यांची आहे, म्हणजे येत्या ऑगस्टपर्यंतच. मॅडमनी हे लक्षात घेऊनच किंमत बघावी: ९,००० रुपये. तीन पंखे आणि पाच एलईडी दिवे मिळून अंदाजे २७० वॅटचा भार होतो, त्यावर सध्या साडेतीन तास चालतो. फ्रिज आणि मिक्सर या लाइनवर लावायचे नाहीत. दर दोन महिन्यांनी सहाही टोपणांतले तरंगते दांडे बघून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी चुकूनही घालू नये, त्यातल्या क्षारांनी बॅटरीच्या आतली पट्टी खराब होते. इन्व्हर्टरसाठी मीटरपासून वेगळी वायर ओढली आहे, ती २०२३ मध्ये तुम्हाला विचारूनच ओढली. इन्व्हर्टर काढला तर ते पंखे-दिवे पुन्हा मूळ लाइनवर जोडावे लागतील.

वॉटर प्युरिफायर आरओचा आहे, मेम्ब्रेन नोव्हेंबर २०२५ मध्ये बदललेलं. ओट्यावरच्या टाइलमध्ये दोन स्क्रूंवर टांगलेला आहे. काढला तर टाइलला दोन भोकं राहतील, आणि त्या रंगाची टाइल आता मिळणार नाही. किंमत ४,०००. बाहेर पडणारं पाणी बादलीत घेऊन फरशी पुसायला वापरता येतं. पहिल्या टप्प्याचा फिल्टर मात्र मे महिन्यात बदलावाच लागेल, तो खर्च मॅडमचा.

ड्राय बाल्कनीत ३०० लिटरची प्लास्टिक टाकी आहे, १,५०० रुपये. आपल्याकडे महापालिकेचं पाणी रोज येत नाही, त्यामुळे टाकी नसेल तर पहिल्याच आठवड्यात अडचण होईल. भरल्यावर पाण्याचं वजनच ३०० किलो होतं. म्हणून ती आतल्या भिंतीलगत ठेवली आहे, कठड्याकडे सरकवू नये. किचनमधली स्टीलची मांडणी चार स्क्रूंवर आहे, १,२०० रुपये.

या पाचपैकी एखादी वस्तू राहू नये असं वाटलं तर तेवढीच यादीतून काढू. मी ती स्वतःच्या खर्चाने २८ एप्रिलपर्यंत उतरवेन, भोकं सिमेंट आणि पुट्टीने भरून भिंतीला मिळताजुळता रंग देईन, वायरिंग पूर्ववत करून घेईन.

बाकीचं सामान नुसतं ठेवलेलं आहे. फ्रिज २६० लिटर, दोन दारांचा, २०२० चा, ११,०००. खालच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात सैल आहे. नवं बसवलं नाही तर बर्फ जास्त धरतो आणि वीजबिल वाढतं, म्हणून किंमत आधीच १,००० रुपयांनी उतरवली आहे. वॉशिंग मशीन साडेसात किलोची सेमी-ऑटोमॅटिक, ५,०००. ती बादलीने पाणी घालूनही चालते, नळाला दाब नसेल त्या दिवशी हे फार कामाला येतं. सुकवणीच्या टपाचा ब्रेक थांबताना आवाज करतो. कूलर ५५ लिटरचा, २,५००. पॅड मार्चमध्ये नवे घातलेत. खिडकी उघडी ठेवूनच लावावा, बंद खोलीत दमटपणा वाढतो आणि गारवा लागत नाही. तीन बर्नरची शेगडी १,३००. गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर मात्र विकता येत नाहीत, ते कनेक्शन आमच्या नावावर आहे. एजन्सीत जमा करून आम्ही नांदेडला नवीन घेऊ, मॅडमनी आपलं कनेक्शन आणावं. इंटरनेटचा राउटरही कंपनीचा आहे, तो परत जाईल.

फर्निचरमध्ये सागवानी डबल बेड साडेसहा बाय पाच फूट, ९,०००. गादी आम्ही नेतोय. मॅडमनी बेडच्या फळ्या उचलून, सांध्यांत टॉर्च मारून ढेकूण-वाळवी स्वतः बघून घ्यावी, माझ्या शब्दावर घेऊ नये. डायनिंग टेबल चार खुर्च्यांसह ५,५००. अभ्यासाचं टेबल आणि खुर्ची मिळून २,०००.

तीन दारांचं कपाट ६,००० रुपये, आणि त्याबद्दल काका तुम्हालाही एक गोष्ट सांगायची आहे. ते भुशाच्या फळीचं आहे. सुटं करून जिन्यातून उतरवलं तर स्क्रूंची भोकं ढिली होतात आणि पुन्हा जोडल्यावर दारं तिरकी बसतात, म्हणून ते जागेवर राहण्यातच त्याचं आयुष्य आहे. पण ज्या भिंतीला ते लागून होतं, तिच्या पलीकडे मोठं बाथरूम आहे. तिथे जमिनीपासून फूटभर ओल येऊन पोपडे सुटलेत आणि कपाटाची मागची फळी खाली चार इंच फुगली आहे. बाथरूमच्या टाइल्समधलं सांध्यांचं सिमेंट निघालंय, पाणी तिथून झिरपत असावं. आम्ही कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे घेतलंय, ते तसंच ठेवावं. सांधे खरवडून इपॉक्सी भरायचं काम शनिवार-रविवार, २५ आणि २६ एप्रिलला करून घेतलं तर बरं. भरल्यावर निदान २४ तास पाणी लागू द्यायचं नाही, आणि मॅडम राहायला आल्यावर ते अवघड जाईल. आम्ही ते दोन दिवस छोटं बाथरूम वापरू. मिस्त्रीला तुम्ही सांगा, दार उघडून द्यायला आणि देखरेखीला मी घरी आहे.

सगळ्याची बेरीज ७५,००० रुपये होते. मॅडमनी सगळं एकत्र घेतलं तर ६७,०००. निवडक घेतलं तर वर लिहिलेली किंमत. जे नको असेल ते २९ तारखेला छोट्या हत्तीतून बाहेर जाईल, घरात काहीही मागे राहणार नाही.

तुमचा होकार आला की मॅडमनी १५ एप्रिलपर्यंत १०,००० रुपये बयाणा द्यावा, बाकी रक्कम ३० एप्रिलला सकाळी प्रत्येक वस्तू चालवून बघितल्यावर. एसी निदान अर्धा तास लावून बघावा, इन्व्हर्टरसाठी मेन स्विच बंद करून बघावा. त्या दिवशी एखादी वस्तू चालली नाही तर तिची किंमत वजा. रक्कम बँकेतून घेईन आणि वस्तूवार पावती देईन. ५,००० रुपयांच्या वरची असल्याने १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून. पावतीची एक प्रत तुम्हाला. मीटरचं रीडिंग त्याच वेळी फोटो काढून तिघांना पाठवू. तोपर्यंतचं वीजबिल आमचं.

माझ्या ४०,००० रुपयांच्या डिपॉझिटचा या व्यवहाराशी संबंध नाही. ते नेहमीप्रमाणे घर बघून परत करावं, यातलं काही त्यात वळतं करायला मी सांगणार नाही.

एक विनंती. मॅडमचा करार अजून नोंदवायचा आहे. त्यात तुमच्या वस्तूंची यादी असेलच, तिच्याखाली ‘पुढील वस्तू भाडेकरूच्या स्वतःच्या मालकीच्या आहेत’ असं लिहून ही नावं घालावीत. दोन-तीन वर्षांनी भिंतीवरचा एसी नेमका कुणाचा, हा प्रश्न तेव्हाच्या आठवणीवर राहू नये. त्यांची दुरुस्ती मॅडमकडे, आणि घर सोडताना भिंत पूर्ववत करायची जबाबदारीही त्यांच्याकडे राहील. याला त्यांची तोंडी तयारी आहे.

हे मान्य असेल तर रविवार, १२ एप्रिलपर्यंत आम्हा दोघांना व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहून पाठवलंत तरी पुरेल:

‘६ एप्रिलच्या पत्रातील वस्तू कोरे यांनी म्हेत्रे यांना विकण्यास आणि त्या फ्लॅट क्र. ७ मध्ये ठेवण्यास माझी संमती आहे. एसी, इन्व्हर्टर, प्युरिफायर, टाकी आणि मांडणी आहे त्या जागी राहिली तरी चालेल. या वस्तूंची मालकी किंवा दुरुस्ती माझ्याकडे नाही. घर सोडताना त्या काढून भिंत आणि वायरिंग पूर्ववत करणे म्हेत्रे यांच्याकडे राहील. कोरे यांच्या डिपॉझिटचा हिशोब स्वतंत्र होईल.’

काही बदल हवा असेल तर तो घालूनच पाठवा. रात्री आठनंतर मी फोनवर मोकळा असतो. काकूंना नमस्कार.

आपला,
कोरे
फ्लॅट क्र. ७, दुसरा मजला

प्रत: म्हेत्रे मॅडम. वस्तू पुन्हा बघायच्या असतील तर ११ तारखेला, शनिवारी, संध्याकाळी पाचनंतर या. फ्रिज आणि बेड रिकामे करून ठेवतो, म्हणजे आतून नीट बघता येतील.