डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी यावेळी तुमची निवड झालेली नाही, कारणं सविस्तर लिहितेय

नमस्कार स्नेहल,

आधी मुद्द्याचं सांगते म्हणजे अख्खा मेल वाचेपर्यंत जीव टांगणीला नको. डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराला घ्यायचं ठरवलंय, तुम्हाला ऑफर देता येत नाहीये. शेवटच्या राऊंडपर्यंत आलेल्या माणसाने मनात थोडंफार धरलेलंच असतं, त्यामुळे हे वाचून वाईट वाटणार हे मला माहितीये.

तुम्ही शेवटच्या राऊंडला म्हणाला होतात की दुसऱ्या एका ठिकाणी शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. म्हणून काल संध्याकाळी आमचं फायनल झाल्यावर आज बुधवारी सकाळीच हे लिहायला बसले. तिथला निर्णय घेताना आमचा विचार मध्ये आणू नका. इथून हो येण्याची शक्यता आता उरलेली नाही, समोरच्याने ऑफर नाकारली तर बघू वगैरे असंही काही नाही, त्यांनी ती स्वीकारलीये.

आमच्या पोर्टलवर स्टेटस बदललं की आपोआप एक मेल जातो, आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार, आपला बायोडेटा आम्ही जपून ठेवू, पुढील वाटचालीस शुभेच्छा. तुमच्या नावापुढे तो मी बंद करून ठेवलाय. तुम्ही नोकरी सांभाळून शनिवार-रविवार घालून टास्क केलीत, त्यानंतर दोन इंटरव्ह्यू दिलेत, आणि एवढं सगळं करून हातात त्या तीन ओळी आल्या की नेमकं कुठे अडलं ते काहीच कळत नाही, मग माणूस नाही नाही ती कारणं स्वतःच शोधत बसतो. त्यापेक्षा खरं कारण सांगितलेलं बरं.

तर कारण हे. या जागेचं निम्मं काम रिपोर्ट बनवायचं आहे आणि निम्मं काम रात्री चालणारे डेटा लोडचे जॉब सांभाळायचं आहे. रिपोर्टच्या बाजूला तुम्ही आणि ते दुसरे उमेदवार अगदी खांद्याला खांदा लावून होतात, खरं सांगायचं तर तुम्ही थोड्या पुढेच होतात. फरक पडला तो जॉबच्या बाजूला. तुम्हाला आठवत असेल, दुसऱ्या राऊंडला विचारलं होतं की रात्री २ वाजता जॉब अर्ध्यावर बंद पडला आणि सकाळी ९ ला सेल्सवाल्यांना रिपोर्ट हवाय, तर काय कराल. तुम्ही म्हणालात पहिल्यापासून परत रन करेन. त्यात अडचण अशी आहे की बंद पडायच्या आधी निम्म्या ओळी टेबलमध्ये जाऊन बसलेल्या असू शकतात, परत रन केलं की त्या दुसऱ्यांदा घुसतात, आणि सकाळी विक्री अचानक वाढलेली दिसते आणि कुणाला संशयही येत नाही. आधी किती ओळी गेल्यात ते बघायचं, त्या दिवसाचा डेटा काढून मग लोड करायचा, किंवा मुळात जॉबच असा लिहायचा की दोनदा चालला तरी आकडे तेच राहतील, हे आम्हाला ऐकायचं होतं. दुसऱ्या उमेदवाराने असे जॉब बरीच वर्षं स्वतः सांभाळलेत, रात्रीचे फोन घेतलेत, त्यामुळे त्यांना हे सांगावं लागलं नाही. आमची टीम सध्या लहान आहे, शिकवायला निवांत वेळ असलेला माणूस आत्ता कुणी नाही, आणि नवीन येणाऱ्याला पहिल्या महिन्यापासून हे एकट्याने बघावं लागणार आहे. ही आमच्या परिस्थितीची मर्यादा आहे, वर्षभराने हीच जागा निघाली असती तर निकाल वेगळा लागू शकला असता.

आता जे कारण नाहीये तेही स्पष्ट लिहिते. इंटरव्ह्यू संपताना तुम्ही थोडं अडखळत विचारलं होतंत की मधल्या दोन वर्षांच्या गॅपमुळे काही प्रॉब्लेम येईल का. नाही आला. आमच्या चर्चेत तो विषय निघालाच नाही. तुमची पगाराची अपेक्षा आमच्या बजेटमध्ये होती, तेही कारण नाही. पहिल्या राऊंडला तुमचा आवाज मध्येमध्ये तुटत होता आणि तुम्ही त्याबद्दल सॉरी म्हणत होतात, त्याचाही यात काही संबंध नाही. या तिन्हीपैकी कशाचंही ओझं पुढच्या इंटरव्ह्यूला घेऊन जाऊ नका. गॅपबद्दल विचारलं तर एका वाक्यात सांगा आणि पुढे चला, तुम्ही त्याबद्दल आधीच माफीच्या सुरात बोलायला लागता आणि त्याची खरंच काही गरज नाही.

तुमच्या टास्कबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय, कारण ती मी दोनदा नीट वाचली आणि मला ती मनापासून आवडली. दिलेल्या डेटात रिफंडच्या एन्ट्री मायनसमध्ये होत्या हे आम्ही मुद्दाम कुठेही लिहिलेलं नव्हतं. तुम्ही त्या ओळखल्यात, वेगळ्या काढल्यात, आणि वर एक टीप लिहिलीत की थोड्याशाच खूप मोठ्या ऑर्डर्समुळे सरासरी फुगतेय म्हणून सोबत मीडियनही देतेय. बऱ्याच जणांनी सरसकट सरासरी काढून सोडून दिली होती. आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी तो तपासून बघायची ही जी सवय आहे ना, ती कोर्स करून लगेच येत नाही, तुमच्यात ती आहे.

आणि मग ते शून्याचं प्रकरण. तुमच्या रिपोर्टमध्ये या वर्षात एकही ऑर्डर न दिलेल्या ग्राहकांचा कॉलम होता आणि तिथे शून्य येत होतं. आम्ही फक्त एवढंच विचारलं की हा आकडा बरोबर वाटतो का, आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत जरा थांबलात आणि म्हणालात, शून्य येणं शक्यच नाही, आणि मग आमच्यासमोरच शोधून काढलंत. क्वेरीचा हा भाग होता:

```sql
FROM customers c
LEFT JOIN orders o ON o.customer_id = c.id
WHERE o.order_date >= '2024-01-01'
```

ज्यांची ऑर्डरच नाही त्यांच्या ओळीत order_date हे NULL असतं, त्यामुळे ते WHERE मध्येच गळतात आणि LEFT JOIN लिहूनही काम INNER JOIN सारखंच होतं. तुम्ही तारखेची अट ON मध्ये हलवलीत:

```sql
LEFT JOIN orders o
  ON o.customer_id = c.id
 AND o.order_date >= '2024-01-01'
```

आणि आकडे आले. घरी जाऊन तुम्ही याच चुकीचा विचार करत बसला असाल असं मला वाटतंय, म्हणून सांगते, या प्रसंगाने तुमचे मार्क वाढले. ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते. समोर तीन जण बसलेले असताना न गडबडता, सारवासारव न करता स्वतःचा आकडा खोटा आहे म्हणणं आणि लगेच दुरुस्त करणं, हे आम्हाला फार आवडलं, पॅनलमधल्या दुसऱ्या दोघांनीही हेच नोंदवलंय.

पुढच्या ठिकाणी उपयोग होईल म्हणून दोन गोष्टी सुचवते, पटल्या तर घ्या. एक तर वर म्हटलं ते जॉबचं. त्यासाठी नोकरीत संधी मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. स्वतःच्या मशीनवर एक छोटा जॉब लिहा, cron वर लावा, आणि मग मुद्दाम मध्येच बंद पाडा. परत चालवा आणि ओळी मोजा. दुप्पट झाल्या का, लॉगमधून कुठे थांबला ते कळतंय का, फेल झाल्यावर तुम्हाला मेल आला का, काल रात्रीचा जॉब चाललाच नाही तर ते तुम्हाला कोण सांगणार. एवढं एकदा हाताने केलंत की त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला पाठ करावं लागणार नाही, आणि बायोडेटात लिहायलाही एक खरी गोष्ट मिळेल.

दुसरी गोष्ट सांगण्याबद्दल. सेल्सच्या मॅडमना चार्ट समजावताना तुम्ही आधी डेटा कसा साफ केला ते सांगितलंत, मग जॉइन, मग शेवटी उत्तर. तुमचं उत्तर उत्तम होतं, जुने ग्राहक टिकतायत पण नवीन ग्राहक दुसऱ्या ऑर्डरपर्यंत पोचत नाहीयेत, पण ते येईपर्यंत त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. ते पहिल्या वाक्यातच टाका, कसं काढलं ते कुणी विचारलं की सांगा. याने निकाल फिरला नसता, पण तुमचं काम जेवढं चांगलं आहे तेवढं ते समोरच्याला दिसायला हवं असं मला वाटतं.

थोडं कामाचं. टास्कचा डेटा आम्ही बनवलेला होता, कुठल्याही खऱ्या ग्राहकाचा नव्हता, त्यामुळे तो रिपोर्ट तुम्ही तुमच्या पोर्टफोलिओत खुशाल ठेवा, दुरुस्त केलेली क्वेरी टाकून. आम्ही तो कुठे वापरणार नाही. तुम्ही पाठवलेल्या पेस्लिप आणि ओळखपत्राची कॉपी मी आजच डिलीट करायला सांगितलीये, झालं की एचआरकडून एका ओळीचा मेल येईल. बायोडेटा जपून ठेवू असं मी लिहीत नाहीये कारण सध्या दुसरी जागा नाही आणि कधी निघेल हे मला सांगता येणार नाही. निघाली आणि ती तुमच्या कामाची वाटली तर मी स्वतः मेल करेन, पण त्या भरवशावर कुठलीही चांगली संधी सोडू नका. पुढे कधी आमच्याकडे परत अप्लाय करावंसं वाटलं तर जरूर करा, यावेळच्या नाहीमुळे तेव्हा तुमच्याविरुद्ध काही धरलं जाणार नाही.

यातलं काही पटलं नसेल किंवा अजून विचारायचं असेल तर याच मेलला रिप्लाय करा, तो थेट माझ्याकडेच येतो. फोनवर बोलायचं असेल तर उद्या किंवा परवा दुपारी ४ नंतर मी मोकळी आहे, अर्धा तास आरामात बोलू, टास्क उघडून बसू हवं तर. आत्ता बोलायची इच्छा नसेल तर तेही अगदी समजू शकते, उत्तर दिलंच पाहिजे असं काही नाही, पुढच्या महिन्यात विचारलंत तरी चालेल.

तुम्ही एवढा वेळ दिलात, प्रामाणिकपणे बोललात, त्याबद्दल मनापासून थँक्यू. शुक्रवारच्या निर्णयासाठी शुभेच्छा.

मृणाल
टीम लीड, डेटा आणि रिपोर्टिंग