२०३ कडून ३०३ ला, वासाच्या तक्रारीबद्दल

डोंबिवली (पूर्व)
१४ जुलै २०२५

सौ. कुलकर्णी काकूंना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र सेक्रेटरींनी शनिवारी संध्याकाळी आणून दिलं. वाचून जरा लागलं, खोटं कशाला बोलू. काकूंनी सरळ खाली येऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं, असं वाटलं. मग ‘आजींना रात्री मळमळतं, जेवण तसंच राहतं’ हे वाक्य पुन्हा वाचलं आणि राग तिथेच गेला. आमच्याही गावी सासूबाई आहेत, जेवणाच्या वेळी नाकाशी काय आलं तर त्यांना कसं होतं ते मी पाहिलंय.

मंगळवारी, ८ तारखेला आलेला वास आमचाच. सुके बोंबील भाजले होते, तेही थेट गॅसवर. ३१ जुलैपर्यंत होड्या बंद, बाजारात मिळतं ते बर्फातलं आणि महाग, म्हणून या दोन महिन्यांत आमच्याकडे सुक्यावरच भागतं. त्यात पावसामुळे खिडक्या बंद. मी आठ अठराच्या लोकलने येते, चूल पेटेपर्यंत नऊ होतात, आणि नेमकी तीच आजींची जेवायची वेळ. गुरुपौर्णिमेच्या दिवशीचा वास मात्र आमचा नव्हता, त्या गुरुवारी आमच्याकडे मुगाची खिचडी होती. पण डक्ट सगळ्या मजल्यांचा एकच आहे, तेव्हा कोणाचा वास कुठला हा हिशेब मला करायचा नाही.

काल दुपारी आम्ही एक उद्योग केला. स्वयंपाकघराच्या खिडकीत अगरबत्ती धरली. धूर आधी सरळ डक्टमध्ये गेला आणि मग चक्क वर चढू लागला. आमचा एक्झॉस्ट फॅन लावल्यावर तर तो भसाभस वर गेला. म्हणजे आमचं घर वासाने भरू नये म्हणून मी रोज जो पंखा लावत होते, तो सगळा वास तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेऊन सोडत होता. हे आम्हाला दोन वर्षं कळलं नाही, याचं खरंच वाईट वाटलं.

म्हणून चिमणी बसवायचं ठरवलंय. खर्च आमचा. घरमालकांशी काल फोनवर बोलणं झालं, त्यांनी परवानगी लिहूनही पाठवली आहे. पण चिमणीचा पाइप डक्टमध्ये सोडला तर तुमचा त्रास वाढेल, कारण ती पंख्यापेक्षा जोरात ओढते आणि जास्त जोरात बाहेर टाकते. दुकानदार तेच सुचवत होता, ‘मॅडम, पाइप कमी लागेल.’ पाइपविना चालणारी, कोळशाच्या फिल्टरची चिमणीही त्याने दाखवली. ती तेलकट धूर धरते, पण हवा तिथेच खेळवत ठेवते, आणि फिल्टर वेळेवर बदलला नाही तर वासावर तिचा काही उपयोग नाही. मला माझी खात्री नाही, दिवाळीनंतर मी तो नक्की विसरेन.

त्यामुळे साठ सेंटीमीटरची, बाहेर पाइप काढायची चिमणी घेतोय. सहा इंची पाइप डक्टकडे न नेता ड्राय बाल्कनीतून बाहेर काढायचा. साधारण सात फूट आणि एकच वळण, कारण जितकी वळणं तितकी ओढ कमी. भिंत फोडायची नाही. सरकत्या खिडकीची एक काच काढून तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा बसेल आणि त्याला भोक असेल. आम्ही घर सोडलं की काच परत जागेवर. तुमची ड्राय बाल्कनी बरोबर वर आहे हे लक्षात आहे, म्हणून पाइपचं तोंड बाजूला, शाळेच्या मैदानाकडे वळवून घेणार आहे. दुकानदार ताशी १५०० घनमीटरची चिमणी गळ्यात मारत होता. आमचं स्वयंपाकघर आठ बाय सात, हजाराची पुरे. उगाच विमानासारखा आवाज कशाला.

फिटर शनिवारी १९ तारखेला येतोय. भिंतीत स्क्रूसाठी भोकं पाडावी लागतील, तेवढाच आवाज. अकरा ते साडेअकरात उरकायला सांगितलंय. आजींची झोपायची वेळ वेगळी असेल तर कळवा, बदलून घेते.

चिमणी बसेपर्यंतचं असं केलंय: एक्झॉस्ट फॅन कालपासून बंद, डक्टकडची खिडकी स्वयंपाक करताना बंद आणि ड्राय बाल्कनीचं दार सताड उघडं, तिथे टेबल फॅन तोंड बाहेर करून ठेवलाय. दिसायला विचित्र दिसतं, पण अगरबत्तीचा धूर आता तिकडे जातो. सुकं गॅसवर भाजणं बंद. मासे साफ केल्यावरची घाण रात्रभर डब्यात राहत होती, ती आता पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये आणि सकाळी घंटागाडी आली की थेट गाडीत. वाटपाचं खोबरं आणि मसाला भाजायचं काम रविवारी दुपारी दोननंतर, तुमची पूजा-जेवण झाल्यावर.

मासे खाणं सोडू असं मात्र मी लिहू शकत नाही. तुम्हीही पत्रात तसं म्हटलेलं नाही, ते मला आवडलं. सोमवार, गुरुवार आणि संकष्टीला आमच्याकडेही नसतंच. २५ तारखेला श्रावण लागला की महिनाभर तुम्हाला काहीच जाणवणार नाही. पण तेवढ्यावर वेळ मारून नेली तर श्रावण संपल्यावर पुन्हा तेच पत्र आणि तेच उत्तर. त्यापेक्षा २० तारखेच्या रविवारी, दुपारी अडीचला, मी चिमणी लावून बांगडे तळते. तुम्ही तेव्हा वर तुमच्या स्वयंपाकघरात थांबा, काकांना ड्राय बाल्कनीत उभं करा आणि मला फोन करा. वास आला तर स्पष्ट ‘येतोय’ म्हणा, भिडेखातर ‘ठीक आहे’ म्हणू नका. काही कमी पडलं तर दुरुस्तीला अख्खा श्रावण आहे. त्यातही तुमची देवाची किंवा कोणी येण्याजाण्याची वेळ असेल तर आपण पुढचा मंगळवार धरू.

एक विनंती आहे. तुमच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन उलटा बसलाय का, ते एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. परवा डक्टमधून वर पाहिलं तर पाती फिरताना हवा आत ओढत असल्यासारखी वाटली. माझी चूक असेल तर सोडून द्या. तसं असेल तर शनिवारी आमचा फिटर येतोच आहे, पाच मिनिटांत फिरवून देईल.

आणि यापुढे रात्री काही झालं तर पत्र नको, वरून आवाज द्या.

आपली,
सुजाता परब
(२०३, भाडेकरू)

प्रत: सोसायटीचे सेक्रेटरी, घरमालक

ता. क. पाडव्याला तुम्ही श्रीखंड दिलं होतं तो स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा कसा द्यायचा म्हणून राहिला. ओल्या नारळाच्या वड्या तुमच्या चातुर्मासात चालतात ना? आजींसाठी साखर कमी घालते.